वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढण्यापूर्वी: सचिवासाठी तयारीची यादी

समितीच्या बैठकीत वहीत टिपलेले ‘गच्ची गळती, ऑडिटर, मेंटेनन्स वाढ, पार्किंग’ असे मुद्दे टाइप करून खाली सही केली, की वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस तयार झाली, अशी समजूत अनेक गृहनिर्माण संस्थांत आहे. आमच्या संस्थेची मागच्या वर्षीची नोटीस अशीच निघाली आणि तिच्यात तहकूब सभेचे वाक्य राहून गेले. त्या एका वाक्याअभावी संपूर्ण सभा पुन्हा घ्यावी लागली, म्हणून यंदाची यादी त्याच वाक्यापासून सुरू करतो.

आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते. 24 सभासदांच्या संस्थेत 16 जण पुरतात. आमचे सभासद 32 असल्याने दोन तृतीयांश म्हणजे 22 होतात, पण 20 ही संख्या कमी असल्यामुळे आम्हाला 20 जण लागतात. ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात इतके सभासद आले नाहीत, तर सभा तहकूब करावी लागते. तहकूब सभा त्याच दिवशी थोड्या उशिराने घेता येते आणि तिला गणपूर्तीचे बंधन नसते, परंतु ती उशिराची वेळ मूळ नोटिशीत लिहिलेली असली पाहिजे. लिहिलेली नसेल, तर सभा किमान 7 दिवसांनंतरच्या आणि 30 दिवसांच्या आतल्या तारखेला न्यावी लागते. आमच्या सभेला दहा वाजता 14 जण होते. अर्धा तास थांबून आम्ही कामकाज सुरू केले, एका सभासदाने लेखी हरकत घेतली, आणि ती हरकत योग्यच होती.

म्हणून नोटिशीत हे वाक्य शब्दशः घालावे: ‘सकाळी 10.30 वाजेपर्यंत गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करण्यात येईल व तहकूब सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सकाळी 11.00 वाजता भरेल. त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही आणि विषयपत्रिकेवरील विषयांवरच कामकाज होईल.’ हे वाक्य तळटीप म्हणून बारीक अक्षरात न टाकता सभेची तारीख, वेळ आणि स्थळ यांच्या लगेच खाली घ्यावे.

आता तारीख. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सभा व्हावी लागते. शेवटचा रविवार धरला आणि काही कारणाने सभा पुढे गेली, तर मुदत उलटते. आमचे नेमके तेच झाले. नोटीस पूर्ण 14 दिवसांची असावी लागते आणि त्यात नोटीस दिल्याचा दिवस व सभेचा दिवस धरायचा नसतो. उदाहरणार्थ, सभा रविवार, 14 सप्टेंबर 2025 रोजी ठेवली, तर मधले 14 दिवस 31 ऑगस्ट ते 13 सप्टेंबर असे होतात, म्हणजे नोटीस 30 ऑगस्टपर्यंत प्रत्येकाच्या हाती गेली पाहिजे. पण त्या वर्षी 27 ऑगस्टला गणपती बसले, आणि त्या दिवसांत निम्म्या घरांना कुलूप असते. अशा वर्षी नोटीस गणपतीच्या आधीच वाटून टाकावी. तारीख, वेळ, स्थळ आणि विषय समितीच्या बैठकीत ठरावाने निश्चित झालेले असावेत, कारण नोटीस समितीच्या वतीने निघते आणि सचिव तिच्यावर केवळ सही करतो.

विषय लिहिताना नेहमीच्या विषयांवर वेळ घालवू नये. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, समितीचा वार्षिक अहवाल, उत्पन्न-खर्च पत्रक व ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल व त्यावरील दोषदुरुस्ती अहवाल, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक हे विषय ठरलेल्या शब्दांत येतात. फक्त आर्थिक वर्ष तपासून घ्यावे, कारण मागच्या नोटिशीची प्रत काढताना जुने वर्ष हमखास तसेच राहते. लेखापरीक्षकाच्या विषयात ‘शासनमान्य नामतालिकेतील’ हे शब्द असावेत आणि मानधनाचा उल्लेख असावा.

खरे काम खर्चाच्या विषयात आहे. ‘गच्ची गळती’ एवढेच वाचून सभासदाला आपल्या खिशातून किती जाणार हे कळत नाही, आणि न कळलेल्या विषयावर केलेला ठराव पुढे वसुलीच्या वेळी अडचणीत येतो. तोच विषय असा लिहावा: ‘इमारतीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग करण्याच्या कामास मंजुरी देणे, प्राप्त झालेल्या तीन निविदांवर विचार करून कंत्राटदाराची निवड करणे, आणि खर्चाची तरतूद व सभासदांकडून घ्यावयाची वर्गणी यांबाबत निर्णय घेणे.’ त्याखाली ठरावाचा मसुदा द्यावा: ‘असे ठरविण्यात येते की, सदर कामासाठी रुपये 6,40,000 पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात यावी, त्यापैकी रुपये 4,00,000 दुरुस्ती निधीतून खर्च करावेत आणि उर्वरित रुपये 2,40,000 सभासदांकडून, सभा ठरवील त्या प्रमाणात, दोन हप्त्यांत वसूल करावेत.’ रक्कम, निधी, हप्ते आणि वर्गणीचे प्रमाण या चार गोष्टी त्यात आहेत ना, हे पाहावे. समान वर्गणी की सदनिकेच्या क्षेत्रफळानुसार, हा वाद सभेत होणारच. तो विषय नोटिशीतूनच समोर आलेला बरा. मसुद्यात ‘मंजुरी देण्यात आली’ असे कदापि लिहू नये, कारण सभा अजून व्हायची आहे आणि असे वाक्य वाचून सभासद आधीच दुखावतात. सूचक आणि अनुमोदक यांच्या जागाही कोऱ्या ठेवाव्यात.

शेवटचा विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असा असतो. पुनर्विकास, वर्गणीवाढ किंवा मोठा खर्च यांपैकी काहीही या विषयाखाली येऊ देऊ नये. ज्या विषयाला आगाऊ सूचना लागते तो येथे घेतला, तर त्यावरचा ठराव टिकत नाही. गैरहजर सभासदाच्या वतीने मुखत्यारपत्र घेऊन कोणालाही सभेस बसता येणार नाही, ही ओळही शेवटी घालावी.

सही करण्यापूर्वी एकदा फक्त तहकूब सभेच्या वाक्यासाठी नोटीस वाचावी. ते आहे का, त्यातील वेळ मूळ वेळेशी जुळते का आणि स्थळ लिहिले आहे का, एवढेच पाहावे. सभेची वेळ दहावरून साडेदहा केली आणि खालचे 10.30 तसेच राहिले, तर ते वाक्य निरुपयोगी ठरते.

नोटीस क्रमांक, दिनांक, संस्थेचा नोंदणी क्रमांक, शिक्का. वाटप सहीच्या वहीवर करावे, बंद घरांना ईमेल व टपालाने पाठवावी आणि पावत्या जपून ठेवाव्यात. हिशेबाची पत्रके सोबत जोडावीत. एक प्रत सूचनाफलकावर लावून तारीख दिसेल असा फोटो काढावा, आणि ही प्रत लावतानाही तहकूब सभेचे वाक्य तिच्यात आहे याची खात्री करावी, कारण पहिल्या मसुद्याची प्रिंट फलकावर लागण्याचे प्रकार होतात.