घोटाळे आणि गव्हर्नन्सचे नियम: उत्तर लिहिताना या चुका टाळा

कॉर्पोरेट गव्हर्नन्सवर दहा मार्कांचा प्रश्न आला की बहुतेक पोरं एकच साचा चालवतात. घोटाळा झाला, सरकार जागं झालं, नवीन कायदा आला, संपलं उत्तर. मधे कंपनीचं नाव, प्रमोटरचं नाव, तो जेलमध्ये गेला वगैरे दोन पानं. आणि ज्या गोष्टीला मार्क असतात ती, म्हणजे नेमकं कुठल्या खात्यात खोटं लिहिलं होतं आणि ते पकडायचं काम कोणाचं होतं, ती गायबच. म्हणून इथे नावं मुद्दाम टाळतोय. जानेवारी २००९ मध्ये आपल्याकडे फुटलेलं एकच प्रकरण घेऊ, कुठलं ते तुम्हाला माहितीच असेल, नसेल तरी काही बिघडत नाही.

चूक पहिली: "नफा फुगवला" एवढं लिहून थांबणं

नफा हवेत फुगत नाही. डबल एंट्री आहे ना बाबा, क्रेडिटला खोटी विक्री टाकली तर डेबिटला काहीतरी यायलाच पाहिजे, आणि ते जे "काहीतरी" असतं तिथेच पुढचे सगळे नियम येऊन बसलेत.

एक साधं उदाहरण करून बघा, आकडे माझे आहेत. कंपनीची खरी विक्री ८० कोटी, दाखवायची आहे १००. मग २० कोटींची खोटी बिलं बनवली, डेबिट डेटर्स, क्रेडिट सेल्स. सहा-आठ महिन्यांनी ऑडिटर विचारणार की हे डेटर्स अजून पैसे का देत नाहीयेत, एजिंग दाखवा. म्हणून ते "वसूल" झाले असं दाखवावं लागतं, डेबिट बँक, क्रेडिट डेटर्स. आता खोटेपणा डेटर्समधून उठून बँकेत जाऊन बसला. पण एवढी रक्कम करंट खात्यात नुसती पडून आहे हे विचित्र दिसतं, मग तिची एफडी दाखवायची. एफडी म्हटली की व्याज आलं, ८ टक्क्यांनी १.६ कोटी, तेही खोटं, तेही उत्पन्नात. आणि पुढच्या वर्षी तर गंमतच, खरी विक्री ८५ झाली तरी बाजाराला वाढ १०० वरून दिसायला हवी, म्हणून १२५ दाखवले, म्हणजे नवीन खड्डा ४० चा. जुने २०, नवे ४०, वर व्याज. दोन वर्षांत साठ कोटींच्या वर गेलो आपण आणि थांबायची सोयच नाही, कारण थांबलं की विक्री कोसळल्यासारखी दिसणार.

२००९ च्या प्रकरणात कंपनीच्या प्रमुखाने बोर्डाला जे पत्र लिहिलं त्यात हाच साखळीचा हिशोब आहे. पुस्तकात कॅश आणि बँक ५,३६१ कोटी, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. न मिळालेलं व्याज ३७६ कोटी, डेटर्स ४९० कोटींनी जास्त, आणि १,२३० कोटींचं देणं पुस्तकात घेतलेलंच नाही. एका तिमाहीचं ऑपरेटिंग मार्जिन २४ टक्के दाखवलेलं, खरं होतं ३. आता हे आकडे पाठ करू नका, फक्त बघा की सगळ्यात मोठं भोक बँकेत आहे, डेटर्समध्ये नाही. का, ते वरच्या उदाहरणात आलंच.

हे बाहेरून कळतं का? थोडंफार कळतं. कंपनीकडे ढीगभर कॅश आहे आणि तरी ती कर्ज काढतेय, तर का ते विचारायचं. वर्षभरातल्या सरासरी एफडी रकमेला मिळालेल्या व्याजाने ताडून बघायचं, दर बाजारापेक्षा फारच खाली आला तर शंका घ्यायची. आणि आतल्या माणसाला तर अजून सोपं, व्याजावर बँक टीडीएस कापते, तो फॉर्म २६एएस मध्ये दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर एफडी कुठे आहे? पण हेही खरं की व्याजाचा आकडासुद्धा नीट बनवलेला असेल तर नुसता वार्षिक अहवाल वाचून काही हाती लागत नाही.

चूक दुसरी: "तेव्हा नियमच नव्हते" असं लिहिणं

ही चूक सर्रास दिसते आणि तारखांनीच खोटी ठरते. लिस्टिंग करारातलं गव्हर्नन्सचं कलम, म्हणजे क्लॉज ४९, सेबीने २००० मध्ये आणलं, कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून. मग २००१-०२ मध्ये अमेरिकेत एकामागोमाग एक कंपन्या कोसळल्या, तिकडे जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सले कायदा झाला, त्याची झळ इकडेही आली. त्याच वर्षी नरेश चंद्र समिती, २००३ मध्ये नारायण मूर्ती समिती, आणि सुधारित क्लॉज ४९ जानेवारी २००६ पासून लागू. सीईओ आणि सीएफओने आकड्यांखाली सही करून जबाबदारी घ्यायची, ही गोष्ट त्यातच आली.

म्हणजे २००९ मध्ये आपल्या त्या कंपनीत ऑडिट कमिटी होती, इंडिपेंडंट डायरेक्टर होते, नामवंत होते, सहीची सर्टिफिकेटं होती, मोठ्या नेटवर्कचा ऑडिटर होता. चेकलिस्ट पूर्ण भरलेली. त्यामुळे "घोटाळ्यामुळे ऑडिट कमिटी आली" असं भारताबद्दल लिहिलंत तर उलटंच झालं. बरोबर वाक्य असं की रचना होती पण तिला माहिती त्याच मॅनेजमेंटकडून मिळत होती जिच्यावर लक्ष ठेवायचं होतं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या बऱ्याच कलमांचा रोख तिथे आहे.

चूक तिसरी: ऑडिटरने "दुर्लक्ष केलं" असं मोघम लिहिणं

दुर्लक्ष म्हणजे काय ते लिहा की. बँकेतली शिल्लक तपासायची पद्धत ठरलेली आहे, ऑडिटर बँकेला पत्र पाठवतो आणि बँक उत्तर देते, त्याला कन्फर्मेशन म्हणतात. यातला जीव सगळा एका गोष्टीत आहे: पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचं आणि उत्तर थेट ऑडिटरच्याच हातात यायचं. कंपनीने मधे यायचं नाही. या प्रकरणात पत्रं पाठवणं आणि उत्तरं गोळा करणं कंपनीच्या माणसांवर सोडलं गेलं, आणि त्यांनी बनावट कागद आणून दिले. कंपनीचे शेअर अमेरिकेतही लिस्टेड असल्यामुळे तिथल्या ऑडिट नियामकाने २०११ मध्ये याच मुद्द्यावर त्या ऑडिट फर्म्सवर कारवाई केली.

आपल्याकडे हे एसए ५०५ या ऑडिटिंग स्टँडर्डमध्ये येतं, सुधारित रूप एप्रिल २०१० पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालं. उत्तरात हे एक स्टँडर्ड नीट समजावलंत तरी बाकीच्या शंभर पेपरांपेक्षा वेगळं दिसेल, कारण घोटाळा खरं तर इथेच अडायला हवा होता.

पण स्टँडर्ड तर आधीही होतंच, मग पाळलं का नाही? इथून रोटेशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलायचा मुद्दा सुरू होतो, तोच ऑडिटर वर्षानुवर्षं, ओळख, सवय, फी. आणि याच जागी पोरं हमखास गोंधळतात. "दर पाच वर्षांनी फर्म बदलावी लागते" असं लिहितात, ते चूक. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे ऑडिटर एकटी व्यक्ती असेल तर पाच वर्षांची एक टर्म, फर्म असेल तर पाच-पाचच्या दोन, म्हणजे सलग दहा वर्षं, आणि मग पाच वर्षं त्या कंपनीत परत यायचं नाही. तेही सगळ्या कंपन्यांना नाही, लिस्टेड आणि ठरावीक मर्यादेवरच्या मोठ्या कंपन्यांना. अमेरिकेच्या कायद्यात मात्र फर्म तीच राहू शकते, मुख्य पार्टनर पाच वर्षांनी बदलतो. नरेश चंद्र समितीनेही आधी पार्टनर बदलण्यावरच समाधान मानलं होतं, फर्म बदलायची सक्ती २०१३ मध्ये आली. हा फरक लिहिलात की नियम कसा कडक होत गेला ते आपोआप दिसतं.

जाताजाता एनएफआरए बद्दल, म्हणजे ऑडिटरवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय नियामक संस्थेबद्दल. कलम १३२ कायद्यात २०१३ पासून आहे पण संस्था प्रत्यक्षात उभी राहिली १ ऑक्टोबर २०१८ ला. "२००९ नंतर लगेच" असं लिहू नका, मधे नऊ वर्षं गेली, कारण मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरवरच्या कारवाईचा अधिकार सीएंच्या स्वतःच्या संस्थेकडून काढून बाहेर द्यायचा की नाही यावर बरीच ओढाताण चालली. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा बदल, रोटेशनपेक्षाही.

चूक चौथी: इंडिपेंडंट डायरेक्टर फक्त मोजणं

लिस्टेड कंपनीत किमान एक तृतीयांश, कलम १४९, हे सगळेच लिहितात. पण त्या प्रकरणात डिसेंबर २००८ मध्ये काय झालं बघा. खोट्या कॅशचं भोक बुजवायला प्रमुखाने एक युक्ती काढली, स्वतःच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या आपल्या लिस्टेड कंपनीने विकत घ्यायच्या. कागदावर खोटी कॅश बाहेर जाणार, बदल्यात खरी मालमत्ता पुस्तकात येणार, पुस्तक जुळलं. बोर्डाने हे मंजूर केलं! इंडिपेंडंट डायरेक्टर बसलेले असताना. थांबवलं कोणी, तर गुंतवणूकदारांनी, त्यांनी आरडाओरडा केला आणि काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला. पत्र आलं त्यानंतर तीन आठवड्यांनी.

म्हणून आजचा नियम बोर्डापाशी थांबत नाही. रिलेटेड पार्टीचा मोठा व्यवहार असेल तर आधी ऑडिट कमिटी, मग शेअरहोल्डर्स, आणि लिस्टेड कंपनीत ज्यांचा संबंध आहे त्यांना बाजूने मतच देता येत नाही. म्हणजे निर्णय बाकीच्या शेअरहोल्डर्सच्या हातात. हा धागा कलम १८८ आणि लिस्टेड कंपन्यांसाठीच्या सेबीच्या २०१५ च्या एलओडीआर नियमांशी जोडा. शिवाय प्रमोटरने शेअर गहाण ठेवले असतील तर जाहीर करायचं, हा नियम तर सेबीने जानेवारी २००९ मध्येच, पत्र आलं त्याच महिन्यात आणला, कारण इथे प्रमोटरचे गहाण शेअर सावकारांनी विकून टाकले तेव्हाच बाहेरच्यांना अंदाज आला होता.

चूक पाचवी: "त्यामुळे आता असं होणार नाही" असा शेवट

२०२० मध्ये जर्मनीत काय झालं ते वाचून मग हे वाक्य लिहा. एका पेमेंट कंपनीच्या पुस्तकात १.९ अब्ज युरो फिलिपिन्समधल्या बँकखात्यांत आहेत असं दाखवलं होतं, आणि त्या बँकांनी सांगितलं की हे कागद बनावट आहेत, ही कंपनी आमची ग्राहकच नाही. परत बँक शिल्लक, परत खोटं कन्फर्मेशन, अकरा वर्षांनी आणि दुसऱ्या खंडात. जर्मनीने २०२१ मध्ये कायदा बदलला, ऑडिट फर्मला दहा वर्षांपुढे मुदतवाढ घ्यायची सोय होती ती काढली, नियामकाला जास्त अधिकार दिले. दहा वर्षांची ही मर्यादा आपल्या कलम १३९ मध्ये २०१३ पासूनच आहे, तुलना विचारली तर हे नक्की लिहा.