फोटोतल्या खातेउताऱ्यावरची Dr-Cr बाकी कशी वाचावी आणि अखेरची बाकी कशी जुळवावी

घाऊक व्यापारी व्हॉट्सअॅपवर खातेउताऱ्याचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, "बाकी कन्फर्म करा." फोटो तिरका असतो, शेवटचा रकाना अंधारात असतो आणि प्रत्येक बाकीपुढे बारीक अक्षरात Dr किंवा Cr छापलेलं असतं. बहुतेक जण थेट तळाचा आकडा बघतात. तिथेच चूक होते, कारण तळाचा आकडा खरा आहे का हे वरच्या ओळीच सांगतात.

सुरुवात करा ती वही कोणाची हे बघून. उताऱ्याच्या माथ्यावर व्यापाऱ्याच्या पेढीचं नाव आणि खाली तुमच्या दुकानाचं खातं असेल, तर ही त्याची वही आहे. त्याच्या वहीत तुमच्या खात्याला Dr, म्हणजे नावे बाकी, याचा अर्थ त्याला तुमच्याकडून येणे आहे. Cr, म्हणजे जमा बाकी, असेल तर तुमचे पैसे त्याच्याकडे जास्त गेले आहेत. तुमच्या वहीत त्याचं खातं याच्या बरोबर उलट दिसायला हवं: त्याच्याकडे Dr तर तुमच्याकडे Cr. बँकेच्या स्टेटमेंटवर तुमची शिल्लक Cr दिसते तीही याच कारणाने, ती बँकेची वही असते.

माथ्यावरचा कालावधीही तेव्हाच टिपून ठेवा. उतारा ३१ मेपर्यंतचा असेल तर तुमच्या वहीतली बाकीही ३१ मे अखेरचीच काढायची, आजची नाही.

आता एक उदाहरण घेऊ. एका किराणा दुकानाचं घाऊक व्यापाऱ्याच्या वहीतलं खातं, १ एप्रिल ते ३१ मे २०२५. आकडे समजण्यापुरते बनवलेले आहेत.

| तारीख | तपशील | नावे | जमा | बाकी |
|---|---|---|---|---|
| १ एप्रिल | आरंभीची बाकी | १८,४०० | | १८,४०० Dr |
| ३ एप्रिल | बिल | २६,७५० | | ४५,१५० Dr |
| १० एप्रिल | बँकेतून जमा | | ४०,००० | ५,१५० Dr |
| १७ एप्रिल | बिल | १२,३०० | | १७,४५० Dr |
| २४ एप्रिल | बँकेतून जमा | | २०,००० | २,५५० Cr |
| २ मे | बिल | ३१,६८० | | २९,१३० Dr |
| ९ मे | माल परत | | १,८६० | २७,२७० Dr |
| १६ मे | बँकेतून जमा | | २५,००० | २,२७० Dr |
| ३० मे | बिल | १४,९०० | | १७,१७० Dr |

फोटो मोठा करा आणि स्क्रीनवर कागदाची सरळ कड धरून एकेक ओळ वाचा. तिरक्या फोटोत डावीकडची तारीख आणि उजवीकडची बाकी एका रेषेत दिसत नाहीत, त्यामुळे एका ओळीचा Cr दुसऱ्या ओळीला जोडला जातो. वाचलेलं कागदावर उतरवताना Dr बाकी अधिक धरा आणि Cr बाकी उणे. मग प्रत्येक ओळीला एकच हिशेब लागतो: मागची बाकी, अधिक नावे, उणे जमा. एक्सेलमध्ये नावे C, जमा D आणि बाकी E रकान्यात असेल, दुसऱ्या ओळीत आरंभीची बाकी असेल, तर तिसऱ्या ओळीत हे लिहून खाली ओढा:

```
=E2+C3-D3
```

आलेलं उत्तर फोटोतल्या बाकीशी ताडून बघा. २४ एप्रिलला १७,४५० मधून २०,००० गेले, म्हणजे उणे २,५५०, म्हणून तिथे Cr आलं. इथे दुकानदाराचे पैसे आगाऊ गेले होते. मळकट छपाईत तो Cr चुकून Dr वाचला, तर पुढची बाकी २९,१३० ऐवजी ३४,२३० येते. फरक ५,१००, म्हणजे २,५५० च्या बरोबर दुप्पट. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: फरक एखाद्या बाकीच्या दुप्पट निघाला, की आधी त्या ओळीचं Dr-Cr पुन्हा बघा.

हाच हिशेब उलटाही चालतो. ९ मेचा माल परतीचा आकडा फोटोत पुसट आहे, १,८६० की १,६८० कळत नाही. अंदाज करू नका. त्याच्या वरची बाकी २९,१३०, खालची २७,२७०, वजाबाकी १,८६०. व्यापाऱ्याने १,८६० च लिहिले आहेत हे सिद्ध झालं. मात्र लागोपाठच्या दोन ओळींचे आकडे आणि त्यांच्यामधली बाकी, किंवा शेवटच्या ओळीचा आकडा आणि बाकी दोन्ही कापली गेली असतील, तर हा मार्ग बंद होतो. तेव्हा सरळ पीडीएफ मागवा.

उतारा दोन पानांचा असेल तर पहिल्या पानाच्या तळाची पुढे नेलेली रक्कम आणि दुसऱ्या पानाच्या माथ्यावरची मागून आणलेली रक्कम एकच असते. ती नवी नोंद समजून बेरजेत धरू नका. पण दोन्ही सारख्या आहेत का हे बघा, नाहीतर मधल्या एका पानाचा फोटो आलेलाच नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ तळाला होतो. काही छापील उताऱ्यांत शेवटी "By Closing Balance" अशी ओळ असते आणि १७,१७० हा आकडा जमेच्या रकान्यात दिसतो. म्हणून ती जमा बाकी ठरत नाही. नावेची बेरीज १,०४,०३०, जमेची ८६,८६०. दोन्ही बाजू सारख्या दाखवण्यासाठी फरक कमी पडणाऱ्या बाजूला लिहितात, म्हणून तो जमेखाली येतो. ही ओळ वगळून ज्या बाजूची बेरीज मोठी, बाकी त्या बाजूची. इथे ती नावे बाकी, १७,१७० Dr.

आता तुमची वही उघडा. समजा तिथे ३१ मे अखेर व्यापाऱ्याची बाकी २,३५० Cr आहे. Cr आहे, म्हणजे दिशा बरोबर. फरक १४,८२० चा. दोन्हीकडच्या नोंदी समोरासमोर ठेवून जुळलेल्यांवर खूण करा: तुमच्या जमेची त्याच्या नावेशी, तुमच्या नावेची त्याच्या जमेशी. मग दोन गोष्टी उरतात. ३१ मेच्या रात्री तुम्ही यूपीआयने पाठवलेले १५,००० त्याच्या उताऱ्यात नाहीत. आणि माल परत तुमच्याकडे १,६८० लिहिलाय, त्याच्याकडे १,८६०.

२,३५० मध्ये १५,००० मिळवा, १८० वजा करा: १७,१७०. फरकाचा प्रत्येक रुपया सापडला. १८० ला नऊने पूर्ण भाग जातो, आणि शेजारचे अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमीच नऊने भाग जातो. पण ही कसोटी आधी न आलेल्या रकमा बाजूला काढून उरलेल्या फरकालाच लावावी. मूळ १४,८२० ला नऊने भाग जात नाही, त्यावरून काहीच कळलं नसतं. शिवाय चूक कोणाची हे ती सांगत नाही; त्यासाठी माल परतीची क्रेडिट नोट काढावी लागते. तिच्यावर १,८६० असेल तर तुमची नोंद दुरुस्त होते.

नुसतं "ओके" पाठवू नका. असं लिहा: "३१ मे २०२५ अखेर तुमच्या उताऱ्याप्रमाणे १७,१७० Dr. ३१ मेचे यूपीआयने पाठवलेले १५,००० त्यात जमा नाहीत. ते धरून आमच्याकडून देणे २,१७०." सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक द्या आणि जून महिन्याच्या उताऱ्यात ते १५,००० जमेला आले का, हे पहिल्या काही ओळींतच तपासा.