डब्यातल्या सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून

सकाळी चिरलेलं सफरचंद मधल्या सुट्टीपर्यंत तपकिरी होतं, कारण चिरलेल्या भागातल्या रसाला हवा लागते. नुसत्या पाण्यात ठेवलं तर बाहेर काढताच रंग बदलू लागतो.

माठातल्या १ लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा. फोडी तरंगतात, म्हणून वर ताटली दाबून १० मिनिटं बुडवून ठेवा. मग साध्या पाण्यातून काढून, निथळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. न धुता भरल्या तर खारट लागतात.

केळं मात्र भिजवू नका, गिळगिळीत होतं. ऐनवेळी कापून लिंबाचा रस लावा. अर्ध्या अ‍ॅव्होकॅडोत बी ठेवल्याने फक्त बीखालचा गर वाचतो. उरलेल्या गराला लिंबू लावून वर प्लास्टिकचा कागद अगदी चिकटवून बसवा.