बटर पेपरच्या पट्टीवर अँगलचे तीन क्लास

ऑर्थोडॉन्टिक्स हा विषय बीडीएसला पुढच्या वर्षांत येतो, पण एडवर्ड अँगल यांचे मॅलऑक्लूजनचे, म्हणजे वरच्या-खालच्या दातांच्या चुकीच्या जुळणीचे, क्लास पहिल्या वर्षाच्या डेंटल ॲनाटॉमीतच कानावर पडतात. मग नेरुळ असो, खारघर असो की कामोठे, व्हायवाच्या आधी सगळीकडे तीच पाठांतरं सुरू होतात. पाठ केलेली व्याख्या कास्ट, म्हणजे दातांचा प्लॅस्टरचा नमुना, हातात आल्यावर मात्र निसटते. वरचा सिक्स, म्हणजे पहिला मोलर, पुढे होता की खालचा, हेच आठवत नाही. यावर मला एकच उपाय कामी येताना दिसतो. क्लासची तीन वेगळी चित्रं काढायचीच नाहीत. एक चित्र काढायचं आणि त्याचा खालचा भाग सरकवायचा.

आधी चित्र काढा

जर्नलचं एक कोरं पान, बटर पेपरची 4-5 सेंटीमीटर रुंद आणि पानाएवढी लांब पट्टी, पेन्सिल आणि मोजपट्टी एवढंच लागेल. आपण पेशंटची उजवी बाजू काढतोय. उजव्या गालाकडून पाहिलं की पेशंटचं नाक आपल्या उजवीकडे येतं. म्हणून पानाच्या उजव्या कडेला एक बाण काढा आणि त्यावर 'नाक' असं लिहा. हा बाण अजिबात गाळू नका. मिझियल आणि डिस्टलचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. बाण काढला की मिझियल म्हणजे बाणाकडे, डिस्टल म्हणजे बाणाच्या उलट, एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

चित्र खऱ्या दाताच्या पाचपट मोठं काढू. पानाच्या मधोमध वरचा पहिला मोलर, म्हणजे 16 काढा. त्याची रुंदी 5 सेंटीमीटर ठेवा. खालच्या कडेला दोन टोकं द्या. नाकाकडचं टोक मिझिओबक्कल कस्प, मागचं डिस्टोबक्कल. मिझिओबक्कल टोकाला लाल ठिपका द्या. आपली सगळी नजर या ठिपक्यावर राहणार आहे.

आता बटर पेपरवर खालचे तीन दात ओळीने काढा. नाकाकडून मागे जाताना आधी दुसरा प्रीमोलर 45, साडेतीन सेंटीमीटर रुंद. मग पहिला मोलर 46, साडेपाच सेंटीमीटर. त्यामागे 47, 5 सेंटीमीटर. 46 वर जरा थांबा, कारण चूक इथे होते. त्याच्या गालाकडच्या बाजूला तीन कस्प असतात: मिझिओबक्कल, डिस्टोबक्कल आणि सगळ्यात मागे छोटा डिस्टल. तीन कस्प म्हटल्यावर त्यांच्यामध्ये दोन ग्रूव्ह आल्या. अँगलच्या व्याख्येतली 'बक्कल ग्रूव्ह' म्हणजे यातली पुढची, मिझिओबक्कल आणि डिस्टोबक्कल कस्पच्या मधली. चित्रात ती 46 च्या पुढच्या कडेपासून 2.2 सेंटीमीटरवर येईल. तिथे निळी उभी रेघ मारा. मागची ग्रूव्ह पेन्सिलीने फिकट ठेवा. वॅक्स कार्व्हिंगमध्ये हे दोन्ही खाचे तुम्ही स्वतः कोरता. कास्ट वाचतानाही ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आता पट्टी सरकवा

एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये हे वर्गीकरण मांडलं तेव्हा त्यांनी वरचा पहिला मोलर जागच्या जागी आहे असं धरलं, आणि खालचा त्याच्या तुलनेत कुठे आहे यावरून क्लास ठरवला. म्हणूनच आपण वरचा सिक्स पानावर पक्का काढला आणि खालचे दात सरकत्या पट्टीवर घेतले. क्लासचं नाव खालच्या जबड्याच्या दातांवरून पडतं, एवढं समजलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

पट्टी अशी धरा की लाल ठिपका बरोबर निळ्या रेघेवर येईल. हा क्लास वन मोलर रिलेशन. खात्री करायची तर मागे पाहा. वरचा डिस्टोबक्कल कस्प खालच्या फिकट ग्रूव्हच्या जवळपास आलेला दिसेल. मोलर असे नीट बसलेले असूनही पुढचे दात वाकडे, दाटीवाटीचे किंवा विरळ असू शकतात. तसं असेल तर ते क्लास वन मॅलऑक्लूजन. क्लास वन म्हणजे सगळं नॉर्मल, असं समजू नका.

पट्टी हळूहळू मागे, म्हणजे बाणाच्या उलट सरकवा. लाल ठिपका आधी खालच्या मिझिओबक्कल कस्पच्या टोकावर येईल. टोकावर टोक आलेल्या या स्थितीला एंड-ऑन म्हणतात. आणखी मागे नेलं की ठिपका 45 आणि 46 च्या मधल्या फटीवर येतो आणि वरचा डिस्टोबक्कल कस्प निळ्या रेघेजवळ पोचतो. हा पूर्ण क्लास टू. खालचे दात मागे राहिले.

आता लाल ठिपका पुन्हा निळ्या रेघेवर येईल अशी पट्टी आणा आणि मग ती नाकाकडे सरकवा. ठिपका निळी रेघ सोडून मागे मागे जाईल आणि शेवटी 46 आणि 47 च्या फटीवर येईल. हा क्लास थ्री. खालचे दात पुढे गेले.

डाव्या बाजूसाठी पान उलटं करून उजेडासमोर धरा. बाण आपोआप डावीकडे जातो.

पुढच्या दातांचं वेगळं चित्र

'मॅडम, वरचे दात पुढे आलेत, म्हणजे क्लास टूच ना?' हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. उत्तर आहे, तेवढ्यावरून नाही सांगता येत. पुढच्या दातांची मापं वेगळी घ्यायची आणि वेगळी लिहायची.

पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक वरचा आणि एक खालचा सेंट्रल इन्सायझर बाजूने दिसतो तसा काढा. वरचा किंचित पुढे आणि खालच्याला थोडा झाकणारा. आता दोन बाण काढा. एक आडवा, खालच्या दाताच्या ओठाकडच्या पृष्ठभागापासून वरच्या दाताच्या कडेपर्यंत. हा ओव्हरजेट. दुसरा उभा, खालच्या दाताच्या कडेपासून वरच्या दाताची कड जिथवर खाली येते तिथपर्यंत. हा ओव्हरबाईट. साधारणपणे दोन्ही 2 ते 3 मिलीमीटर असतात.

मोजताना दात पूर्ण मिटलेले हवेत आणि मोजपट्टी चावण्याच्या पातळीला समांतर हवी. शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. 3 मिलीमीटरच्या मापात तेवढ्याने सगळं चुकतं. शून्य अगदी टोकाला असलेली स्टीलची पट्टी घ्या. ओव्हरबाईटसाठी कास्ट मिटवून वरच्या दाताची कड खालच्या दातावर जिथे येते तिथे पेन्सिलीची बारीक रेघ मारा, मग कास्ट उघडून खालच्या दाताच्या कडेपासून त्या रेघेपर्यंत मोजा.

या दोन बाणांतूनच बाकीचे शब्द येतात. आडवा बाण शून्य झाला तर एज-टू-एज. तो उलटला, म्हणजे खालचा दात वरच्याच्या पुढे गेला, तर अँटीरियर क्रॉसबाईट. उभा बाण फार लांबला की डीप बाईट. उभ्या दिशेत दात एकमेकांना झाकतच नसतील आणि मध्ये फट राहत असेल तर ओपन बाईट.

क्लास टूची दोन डिव्हिजन याच चित्रावर कळतात. मोलर क्लास टू, वरचे इन्सायझर पुढे झुकलेले आणि ओव्हरजेट वाढलेला, तर डिव्हिजन वन. मोलर तोच क्लास टू, पण वरचे सेंट्रल मागे, टाळूकडे कललेले आणि ओव्हरबाईट खोल, तर डिव्हिजन टू. या दुसऱ्या प्रकारात ओव्हरजेट अगदी साधारण दिसू शकतो. नुसते पुढचे दात पाहून क्लास ठरवणारा विद्यार्थी इथे हमखास क्लास वन लिहितो.

एक कास्ट वाचून पाहू

शिकवण्यासाठी मी एक नमुना वापरते. 13 वर्षांच्या मुलीचे कास्ट आहेत असं धरा. आधी दोन्ही कास्टच्या मागच्या कापलेल्या बाजू टेबलावर सपाट टेकवून दात मिटवा, म्हणजे चावा नीट जुळेल. मग कास्ट डोळ्याच्या उंचीवर आणून सिक्सकडे अगदी काटकोनातून पाहा. पुढून तिरकं पाहिलं तर वरचा कस्प आहे त्यापेक्षा मागे दिसतो आणि सौम्य क्लास टूसुद्धा क्लास वन वाटतो.

उजवीकडे ठिपका ग्रूव्हमध्ये आहे. क्लास वन. डावीकडे तो फटीवर आहे. क्लास टू. ओव्हरजेट 3 मिलीमीटर, ओव्हरबाईट 3 मिलीमीटर, मिडलाईन जुळतात. आता कनाइन पाहा. वरच्या कनाइनचं टोक खालच्या कनाइन आणि पहिल्या प्रीमोलरच्या मधोमध आलं की कनाइन क्लास वन. इथे ते दोन्ही बाजूंना तसंच आहे. म्हणजे डावीकडे मोलर एक सांगतोय आणि कनाइन दुसरंच. असा विरोध दिसला की लिहायची घाई न करता वरच्या कास्टच्या चावण्याच्या बाजूकडे पाहायचं.

तिथे कारण सापडतं. डावा दुसरा प्रीमोलर 25 रांगेबाहेर, टाळूकडे उगवलाय. 24 आणि 26 मध्ये जागा उरलीय फक्त 2 मिलीमीटर. उजवीकडचा 15 मोजला तर 6.5 मिलीमीटर. म्हणजे 4.5 मिलीमीटर जागा गेली. शिवाय 26 सरळ नाही, पुढे येताना त्याचा मिझिओबक्कल कोपरा टाळूकडे वळलाय. दुधाचा दुसरा मोलर किडल्यामुळे लवकर काढावा लागला आणि जागा राखली नाही, तर पक्का सिक्स असाच पुढे घसरतो आणि घसरताना वळतो. मुलीच्या केस हिस्टरीत दात काढल्याची नोंद आहे का, ते पाहा.

आता हे पट्टीवर पडताळा. चित्र पाचपट आहे, म्हणून 4.5 मिलीमीटरचे साधारण सव्वादोन सेंटीमीटर होतात. वरचा 26 तेवढा मागे गेलाय अशी कल्पना केली की ठिपका फटीवरून निघून जवळजवळ निळ्या रेघेवर येतो. म्हणजे खालचा सिक्स मागे नाहीच, वरचा पुढे आलाय. वरचा मोलर जागेवर आहे हे अँगलचं गृहीतक या तोंडात चालत नाही.

मग जर्नलमध्ये काय लिहायचं? 'मोलर रिलेशन: उजवा क्लास वन, डावा क्लास टू. कनाइन रिलेशन: दोन्ही बाजूंना क्लास वन. ओव्हरजेट 3 मिमी, ओव्हरबाईट 3 मिमी. 26 पुढे सरकून वळलेला, 25 टाळूकडे, जागेची तूट 4.5 मिमी.' दिसतं ते आधी, कारण नंतर. जबड्याचं हाड पुढे आहे की मागे, हे या नोंदीत लिहू नका. अँगलचं वर्गीकरण फक्त दातांचं पुढचं-मागचं नातं सांगतं. हाडांसाठी चेहऱ्याची तपासणी आणि बाजूने काढलेला सेफॅलोग्राम लागतो, आणि तो तुम्हाला पुढे ऑर्थोच्या पोस्टिंगमध्ये वाचायला मिळेल.