कुडाळची पीटी, म्हापशाची वही

गोव्यात राज्य सरकार पगारदारांकडून व्यवसाय कर घेत नाही. त्यामुळे म्हापशाच्या ऑफिसात अकाउंट्सला लागले तेव्हा पगारपत्रकात या कराचा, म्हणजे 'पीटी'चा, रकानाच नव्हता. मग मालकांनी कुडाळला शाखा काढली. महाराष्ट्रात काम करणाऱ्याला महाराष्ट्राचा नियम, म्हणून तिथल्या सहाजणांची पीटी कापायचं काम माझ्याकडे आलं. म्हापशातल्या आमच्या पगारात काहीच बदललं नाही.

महाराष्ट्रात महिना दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००. म्हणजे वर्षाचे २,५००. राज्यघटनेने घातलेली मर्यादाही तेवढीच. बायकांना एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे. आमच्याकडे चार पुरुष प्रत्येकी १८,००० चे आणि दोघी बायका, एक २२,००० ची, दुसरी २८,००० ची. पहिलीचं काहीच कापायचं नाही. बाकी पाचांचे मिळून १,०००.

पगाराची नोंद अशी केली: पगार खर्च नावे १,२२,०००, पीटी देणे जमा १,०००, पगार देणे जमा १,२१,००० (पीएफ वगैरे सध्या बाजूला ठेवते). खर्च पूर्ण पगाराचाच पडतो. कापलेले हजार रुपये कर्मचाऱ्यांचे आहेत, सरकारकडे पोचवेपर्यंत ते फक्त आपल्याजवळ आहेत, म्हणून ते देणं. चलन भरलं की पीटी देणे नावे, बँक जमा.

इथेच मी चुकले. चलन भरताना 'कर' हा शब्द बघून रक्कम 'दर व कर' या खर्चखात्याला नावे टाकली. तीन महिने बँक जुळत होती, चलनं फाईलला होती, म्हणून शंकाच आली नाही. तिमाहीला सरांनी पीटी देणे खातं उघडलं आणि विचारलं, "हे तीन हजार अजून भरले नाहीत?" भरले होते, पण देणं तसंच उभं होतं आणि खर्च तीन हजारांनी फुगला होता. मग पीटी देणे नावे ३,०००, दर व कर जमा ३,००० अशी दुरुस्ती केली.

तेव्हापासून प्रत्येक चलनानंतर मी ते खातं उघडून बघते. शिल्लक शून्य यायला हवी. जमा बाकी राहिली तर एक तर चलन राहिलंय किंवा नोंद भलत्या खात्यात गेलीय. नावे बाकी दिसली तर बहुतेक कापायचं राहून गेलंय. आणि कापलं नाही तरी कर भरायची जबाबदारी मालकाचीच असते.

कंपनी स्वतःच्या नावावर जो वर्षाला २,५०० व्यवसाय कर भरते, तो मात्र खराच खर्च. त्याची नोंदणी वेगळी, चलन वेगळं. तो पीटी देणे खात्यात मिसळला तर शून्याची ही खूण कामाची राहत नाही.

फेब्रुवारीत पगार चढवण्याआधी रकाना हाताने तपासा. आमच्याकडे तिथे १,५०० यायला हवेत. सॉफ्टवेअरमध्ये २०० च कायम टाकून ठेवले असतील तर हजारच दिसतात.