पावती, हॉल तिकीट आणि ओळखपत्र: परीक्षेच्या गेटवर कोणता कागद काय काम करतो

अमळनेरला माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी इथे झेरॉक्ससाठी रांग लागते. अशाच एका शनिवारी एक मुलगा एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, मनाजोडे ते सगळा कागद शेतस, फक्त याची झेरॉक्स काढी द्या." कागद छान लॅमिनेट केलेला, वर त्याचा फोटो, खाली सही, बारकोडसुद्धा. फक्त तो होता अर्ज भरल्याची पावती. हॉल तिकीट आठवडाभरापूर्वीच आलं होतं आणि ते त्याने उघडूनही पाहिलं नव्हतं. हातात फोटो आणि बारकोडचा कागद आहे म्हटल्यावर त्याला गरजच वाटली नाही.

त्याला दोष देता येत नाही. दहावी-बारावीला आपल्याला एकच कागद माहीत असतो. बोर्डाचं हॉल तिकीट शाळेतून मिळतं आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का असतो. 'हा पोरगा आमचाच' हे शाळाच सांगत असते, म्हणून दारावर आधार कार्ड कोणी मागत नाही. स्पर्धा परीक्षेत मध्ये शाळा नसते. तिथलं काम तीन कागदांत वाटलेलं असतं, आणि एकाचं काम दुसरा करू शकत नाही.

आधी तिन्ही कागद टेबलावर मांडा

पहिला कागद अर्जाची पावती, म्हणजे कन्फर्मेशन पेज. तो एवढंच सांगतो की तुम्ही अर्ज केला आणि फी पोहोचली. त्यावर अर्ज क्रमांक, फीचा व्यवहार क्रमांक आणि तुम्ही भरलेली माहिती असते. पण त्यावर बैठक क्रमांक शोधा, सापडणार नाही. केंद्राच्या शाळेचं नाव-पत्ता शोधा, तोही नाही. किती वाजता हजर व्हायचं, हेही नाही. या तीन गोष्टी ज्या कागदावर नाहीत, तो हॉल तिकीट नव्हे, मग त्यावर फोटो कितीही ठळक असो.

नीटच्या पोरांची इथे आणखी एक गल्लत होते. हॉल तिकिटाच्या आधी 'सिटी स्लिप' येते. तिच्यात फक्त गाव कळतं, जळगाव की धुळे ते. गाडीचं तिकीट काढायला ती कामाची, पण कोणत्या शाळेत जायचं ते तिच्यात नसतं आणि ती दाखवून कोणी आत सोडत नाही.

दुसरा कागद हॉल तिकीट. एमपीएससी त्याला प्रवेश प्रमाणपत्र म्हणते आणि बँकांच्या परीक्षांत त्याला कॉल लेटर म्हणतात. ही परवानगी आहे: या माणसाने, या दिवशी, या सत्रात, या केंद्रावर बसावं. ही परवानगी तात्पुरती असते. हॉल तिकीट आलं म्हणजे आपली पात्रता तपासून झाली, असा पुष्कळांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. वय, जात, शिक्षण यांची मूळ कागदपत्रं बहुतेक भरतींत नंतर तपासली जातात.

तिसरा कागद ओळखपत्र. लोक विचारतात, हॉल तिकिटावर फोटो आणि नाव आहेच, मग आधार कशाला? त्याचं कारण असं की हॉल तिकिटावरचा फोटो तुम्हीच अपलोड केलेला असतो आणि नावही तुम्हीच टाईप केलेलं असतं. उद्या कोणी स्वतःचा फोटो लावून दुसऱ्याच्या नावाने अर्ज भरला, तर हॉल तिकीट त्याच फोटोसकट निमूटपणे छापून येईल. म्हणून परीक्षेशी संबंध नसलेल्या सरकारी खात्याने दिलेलं कार्ड लागतं. दारावरचा माणूस तुमचा चेहरा, हॉल तिकीट आणि ओळखपत्र अशी तिघांची सांगड घालतो.

हॉल तिकीट आलं की त्याच दिवशी काय करायचं

एमपीएससीचं प्रवेश प्रमाणपत्र साधारण सात दिवस आधी mpsconline.gov.in वर तुमच्या खात्यात येतं. आलं की लगेच उघडा आणि कागदावर छापा. परीक्षेपूर्वी तीन दिवसांपर्यंत ते मिळालं नाही, तर अर्ज केल्याच्या पुराव्यासह आयोगाशी संपर्क साधायचा असतो. हा पुरावा म्हणजे तुमची पावती. त्यामुळे तिची जागा घरच्या फाईलमध्ये. केंद्रावर तिचं काही काम नाही, पण ती फेकून दिली तर हॉल तिकीट अडकल्यावर हातात काहीच उरत नाही.

मग छापलेलं हॉल तिकीट आणि जे ओळखपत्र नेणार ते शेजारी ठेवा आणि नाव वाचा. नुसतं नाव-आडनाव नव्हे, मधलं नावही. आमच्या खान्देशात खरी गोम तिथेच असते.

पाटलांची पोरगी पाटलांत

चोपड्याकडची एक ताई एमपीएससीच्या परीक्षेआधी चार दिवस माझ्याकडे आली. केंद्र जळगाव. तिच्या हॉल तिकिटावर नाव होतं दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे, म्हणजे तिचं नाव, वडिलांचं नाव, पाटील. लग्नानंतर तिने आधार अपडेट करून घेतलं होतं, त्यावर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, पाटील. मी म्हटलं, ताई, नाव जुळत नाही. ती म्हणाली, "भाऊ, आडनाव तर तेच आहे ना!"

माहेर पाटील आणि सासरही पाटील, त्यामुळे नाव बदललं असं तिला कधी वाटलंच नाही. आडनाव बदललेल्या मुलींच्या हे लगेच लक्षात येतं. इकडे पाटलीण पाटलीणच राहते आणि मधलं नाव गुपचूप बदलतं. तपासणारा मात्र पूर्ण नाव वाचतो. त्याच्या हातात दोन कागद, दोन्हींवर वेगळी नावं. तुमचं लग्न झालंय हे त्याला कुठून कळणार?

यातून दोन वाटा निघतात. पहिली आणि सोपी वाट: जुन्या नावाचं दुसरं ओळखपत्र शोधायचं. एमपीएससीला आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, पॅन किंवा स्मार्ट कार्ड प्रकारचं ड्रायव्हिंग लायसन्स यांपैकी कोणतंही एक मूळ चालतं. आधार बदललं म्हणून पॅन आपोआप बदलत नाही. ताईचं पॅन कॉलेजात असताना काढलेलं होतं आणि त्यावर नाव हॉल तिकिटासारखंच होतं. ते होतं पारोळ्याला, माहेरच्या लोखंडी कपाटात.

दुसरी वाट नाव बदलल्याचा पुरावा सोबत नेण्याची. एमपीएससीच्या सूचनांत विवाह निबंधकाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची अधिसूचना किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला चालतो, त्याच्या छायाप्रतीसह. गावात विवाह नोंदणीचं काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे असतं, म्हणजे दाखला ग्रामपंचायतीतून मिळतो. पण लग्नाची नोंदणीच केली नसेल तर चार दिवसांत ही वाट धरणं अवघड. आणि लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो म्हणजे दाखला नव्हे. पत्रिका घेऊन आलेलेही मी पाहिलेत. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेतही नाव जुळलं नाही तर मूळ विवाह प्रमाणपत्र, राजपत्र किंवा मूळ प्रतिज्ञापत्र मागतात.

घाईघाईत आधार पुन्हा जुन्या नावावर न्यायच्या फंदात मात्र पडू नका. ते वेळेत होईल याचा भरवसा नाही, आणि मध्येच अडकलं तर हातचं कार्डही वादात.

मूळ म्हणजे मूळ

ओळखपत्राच्या बाबतीत बहुतेक भांडणं या एका शब्दावरून होतात. एमपीएससीला मूळ कार्ड आणि त्याची स्पष्ट झेरॉक्स, दोन्ही लागतात. नुसती झेरॉक्स घेऊन गेलात, ती रंगीत असली तरी, ती मूळ कार्डाच्या जागी धरत नाहीत. मोबाईलमधला फोटो दाखवू म्हणाल, तर मोबाईल आत नेताच येत नाही. नीटसाठीही ओळखपत्राची झेरॉक्स किंवा मोबाईलमधला स्कॅन ग्राह्य नाही. आयबीपीएसला रेशन कार्ड आणि शिकाऊ लायसन्स चालत नाही. इतक्या तऱ्हा असल्यामुळे मैत्रिणीच्या किंवा मागच्या परीक्षेच्या अनुभवावर जाऊ नका. तुमच्या हॉल तिकिटाच्या सूचनांत जी यादी छापलीय, तीच खरी.

आधार हरवलं असेल तर myaadhaar.uidai.gov.in वरून ई-आधार डाउनलोड होतं, पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर जुना, बंद पडलेला असेल तर अडलंच. फाईलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल आणि पुढे जन्मवर्ष, उदाहरणार्थ:

```
POOJ1999
```

एमपीएससीसाठी ई-आधारवर आधार तयार झाल्याची आणि डाउनलोड केल्याची तारीख दिसायला हवी, आणि फोटो ओळखू येईल अशी रंगीत प्रिंट हवी. कोपरा कापून खिशात मावेल असं करून देऊ नका, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. कापलेल्या भागात नेमकी तारीखच जाते.

आदल्या रात्री

पारदर्शक पिशवीत हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि लागणार असेल तर नावबदलाचा दाखला ठेवा. नीटसारख्या परीक्षेत फोटो आधी चिकटवायचा असतो, पण ठराविक ठिकाणची सही पर्यवेक्षकासमोरच करायची असते. ती घरी करून बसू नका. सही बाकी असलेलं हॉल तिकीट लॅमिनेटही करू नका.

चुकून हॉल तिकीट घरी राहिलं, तर केंद्राजवळच्या एखाद्या दुकानातून पुन्हा छापता येतं, लॉगिन आठवत असेल तर. ओळखपत्र राहिलं तर छापून मिळत नाही, घरी माणूस पाठवावा लागतो. म्हणून घरातून निघताना, एसटीत बसायच्या आधी, दोन्हींपैकी एकच तपासायला वेळ असेल तर ओळखपत्र तपासा.

ताईचा भाऊ त्याच संध्याकाळी मोटरसायकलवर पॅन घेऊन आला. आम्ही त्याची झेरॉक्स काढली, ग्रामपंचायतीचा विवाहाचा दाखलाही पिशवीत ठेवला. रविवारी परीक्षा झाल्यावर तिचा फोन आला. दारावर पॅन बघितलं, हॉल तिकिटाशी नाव ताडलं, हजेरीपटावर सही घेतली. दाखला पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही.