सह्यांनी गच्च भरलेल्या निवेदनाच्या पानावरून नावांची यादी कशी करावी

निवेदनाखाली सह्यांसाठी वीसेक ओळी आखलेल्या असतात आणि सह्या होतात चाळीसच्या वर. ओळी संपल्या की लोक दोन ओळींच्या मधल्या जागेत सही करतात, समासात करतात, पान आडवं धरून कडेलाही करतात. असं पान समोर आलं की वाटतं, सुवाच्य नावं आधी उतरवून घेऊ, बाकीची नंतर बघू. माझी पहिली यादी मी अशीच केली. न लागलेल्या सह्यांच्या जागी कुठे रिकामी ओळ सोडली, कुठे आडवी रेघ मारली, कुठे तीन प्रश्नचिन्हं टाकली. आठवड्याने ती यादी उघडली तेव्हा रिकामी ओळ म्हणजे सही वाचता आली नव्हती की मी तिथवर पोचलोच नव्हतो, हे मलाच सांगता येईना. पानावर एकूण सह्या किती, तेही त्या यादीतून कळत नव्हतं. सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं.

त्यानंतर जी पद्धत बसवली ती इथे सांगतो. तिच्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. सह्या आधी मोजायच्या आणि मग वाचायच्या. आणि वाचता न आलेली प्रत्येक सही एकाच शब्दाने नोंदवायची.

आधी क्रमांक, मग नाव

मूळ पानावर पेन्सिलीचा ठिपकाही लावू नका. पान सपाट करून त्याचा ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन घ्या. सह्या फार बारीक असतील तर ६०० वर. स्कॅन रंगीतच हवा. निळ्या शाईची सही काळ्या शाईच्या सहीवर चढलेली असेल, तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये दोन्हींचा एकच गुंता दिसतो. रंगीत प्रतीत मात्र कोणती रेघ कुणाची ते कळतं. ही प्रत मोठी करून छापा आणि लाल पेनने प्रत्येक सहीला क्रमांक द्या. नाव लागतं की नाही याचा विचार या वेळी करायचाच नाही.

क्रम एकदाच ठरवायचा. मी डावीकडच्या रकान्यात वरून खाली येतो, मग उजवीकडचा रकाना घेतो, आणि शेवटी समास: वरचा, उजवा, खालचा, डावा. दोन ओळींमध्ये घुसलेल्या सहीला तिच्या वरच्या सहीनंतरचा क्रमांक. क्रमांक सही जिथे सुरू होते तिथे लिहायचा, कारण सहीचं शेपूट कुठवर जाईल याचा नेम नसतो. सही आणि तिच्याशेजारी त्याच माणसाने लिहिलेलं पूर्ण नाव, या दोहोंना मिळून एकच क्रमांक.

मग दुसऱ्या कुणाला तरी कोऱ्या प्रतीवर स्वतंत्रपणे मोजायला सांगा. एका पानावर माझी मोजणी ४४ आली होती आणि सोबत्याची ४७. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर कळलं, उजव्या कडेची एक उभी सही मी पानाची खूण समजून सोडली होती, आणि दोन ठिकाणी एकमेकींवर चढलेल्या सह्यांची जोडी मी एकच सही धरली होती. अशा जोडीत शाईचा रंग सारखाच असेल तर रेघेची जाडी बघा. जाड आणि बारीक रेघा एकमेकींना छेदत असतील, तर पेनं दोन असण्याची शक्यता जास्त.

पुढे वाचताना आणखी एखादी सही सापडली तर सगळे क्रमांक बदलू नका. २३ आणि २४ च्या मध्ये सापडली तर ती २३अ. एकदा क्रमांक हलले की कुणाशी झालेलं आधीचं कोणतंच बोलणं जुळत नाही.

तक्ता आणि एकच शब्द

आता तक्ता करा. चार रकाने पुरतात: क्रमांक, वाचन, स्थिती, शेरा. ४७ सह्या असतील तर ४७ ओळींमध्ये क्रमांक आधीच भरून ठेवा. वाचनात नाव पानावर जसं दिसतं तसं लिहायचं. कुणी आडनाव आधी लिहिलं असेल तर तसंच राहू द्या, शुद्धलेखन सुधारू नका.

स्थितीच्या रकान्यात तीनच शब्द चालतील: स्पष्ट, शंका, अवाच्य. चौथा शब्द नाही, रेघ नाही, प्रश्नचिन्ह नाही. स्थितीचा रिकामा कप्पा म्हणजे एकच, ही सही अजून वाचायला घेतलेली नाही. पूर्ण झालेल्या यादीत तो रकाना कुठेही रिकामा दिसता कामा नये.

प्रश्नचिन्ह का नको, त्याला एक व्यावहारिक कारण आहे. स्प्रेडशीटच्या मोजणीत `?` चा अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’ असा घेतला जातो. त्यामुळे प्रश्नचिन्ह असलेल्या नोंदी मोजायला गेलं की भलताच आकडा येतो. साधा शब्द असेल तर ही अडचण येत नाही. स्थिती C रकान्यात असेल आणि पहिल्या ओळीत मथळे असतील, तर ४७ सह्यांसाठी हे सूत्र:

```
=COUNTIF(C2:C48,"अवाच्य")
```

‘स्पष्ट’ आणि ‘शंका’साठीही असंच. तिन्हींची बेरीज ४७ आलीच पाहिजे. ४६ आली तर बहुतेक वेळा कुठेतरी ‘अवाच्य’च्या पुढे स्पेस पडलेली असते किंवा ‘अवाच्च’ असं टंकलेलं असतं. म्हणून तीन शब्दांची ड्रॉपडाउन यादी करून ठेवावी आणि हाताने टंकूच नये.

अवाच्य कशाला म्हणायचं

माझा नियम असा: नाव किंवा आडनाव यांपैकी एक भाग तरी पूर्ण लागला, तर ‘शंका’. तेवढंही नसेल तर ‘अवाच्य’. ‘शंका’मध्ये न लागलेल्या भागाच्या जागी चौकटी कंसात तीन टिंबं द्यायची, उदाहरणार्थ ‘सुमन […]’. चौकटी कंसात जे आहे ते आपलं, बाहेरचं सगळं पानावरचं. गोल कंस यासाठी वापरू नका, कारण सही करणारेही गोल कंसात काहीबाही लिहितात.

सही का वाचता आली नाही, ते शेऱ्यात जातं: डाग, फाटलेला कागद, नुसता फराटा, यादी करणाऱ्याला न येणारी लिपी. कारणं कितीही असोत, स्थिती एकच. अंगठ्याशेजारी नाव लिहिलेलं असेल तर ते नाव वाचायचं आणि शेऱ्यात ‘अंगठा’ लिहायचं. नाव नसेल तर तीही नोंद ‘अवाच्य’, शेरा ‘अंगठा, नाव नाही’. खोडलेल्या सहीलाही क्रमांक मिळतो, शेरा ‘खोडलेली’.

एकाच हाताने ओळीने पाच नावं लिहिलेली दिसली तरी ती गाळू नका. १८४८ साली लंडनमध्ये कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीच्या अर्जावर ५७ लाख सह्या असल्याचा दावा झाला होता. संसदेच्या कारकुनांनी मोजल्या त्या १९ लाख ७५ हजार ४९६ भरल्या, आणि पानंच्या पानं एका हातची असल्याचंही तिथे नोंदवलं गेलं. खरं-खोटं ठरवणं हे वेगळं काम आहे. यादी करणाऱ्याने ‘१२ ते १६ एकच हात वाटतो’ एवढं शेऱ्यात लिहावं आणि पुढे जावं.

एक सही जवळून

त्या ४७ सह्यांच्या पानावर २३ क्रमांकाची सही होती. शेवटी ‘पाटील’ स्वच्छ दिसत होतं. सुरुवातीला जे होतं ते ‘ख’ही असू शकत होतं आणि ‘र व’ही, कारण आद्याक्षरांनंतर टिंबं नव्हती आणि शिरोरेघही नव्हती. त्याच ओळीत पत्त्याच्या रकान्यात त्याच पेनने, त्याच तिरक्या वळणाने एक शब्द लिहिलेला होता आणि त्यात ‘ख’ होता. त्या ‘ख’मध्ये ‘र’चं शेपूट पुढच्या गाठीला जोडलेलं होतं. सहीत मात्र दोन्हींच्या मध्ये फट होती, पेन उचललेलं कळत होतं. म्हणून वाचन ‘र व पाटील’, पण स्थिती ‘शंका’च ठेवली, कारण पुरावा एकाच अक्षराचा होता.

सह्यांमध्ये शिरोरेघ गेली की आणखी काही जोड्या फसवतात. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक बराचसा वरच्या तुटलेल्या रेघेवर असतो, ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तसंच. अनुस्वार आहे की शाईचा ठिपका, हे ठरवायला त्याच माणसाचे दुसरे ठिपके बघावे. इथेच सर्वांत मोठा मोह होतो. ‘घुमाळ’ असं आडनाव ऐकलेलं नसतं, म्हणून आपण ‘धुमाळ’ लिहून मोकळे होतो. अक्षर खरोखर ‘ध’ वाटत असेल तर जरूर लिहा. आडनाव ओळखीचं आहे एवढ्यावरून लिहू नका. ज्याने सही केलीच नाही त्याचं नाव एखाद्या मागणीखाली लागणं ही त्याच्यावर अन्यायाची गोष्ट आहे, आणि रिकाम्या जागेपेक्षा ती दुरुस्त करणं कितीतरी अवघड.

दुसरं वाचन

पहिल्या दिवशी ‘शंका’ आणि ‘अवाच्य’वर फार वेळ घालवू नका. दुसऱ्या दिवशी सोबत्याला फक्त क्रमांक घातलेली प्रत द्या, तुमचं वाचन दाखवू नका. ‘स्पष्ट’ सह्याही त्याच्याकडून वाचून घ्या. पान उलटं धरून बघितलं की नाव मेंदूत आपोआप भरलं जात नाही आणि नुसत्या रेघा दिसतात. सहीवरून कोरड्या काडीने हवेत गिरवलं तर पेन कुठून कुठे गेलं तेही उमगतं.

त्या पानाचं पहिलं वाचन होतं: स्पष्ट २९, शंका ७, अवाच्य ११. दुसऱ्या वाचनानंतर अवाच्यपैकी एक नाव पूर्ण लागलं आणि दोन अर्धवट लागली. शंकेतली तीन दोघांनीही सारखीच वाचली, म्हणून ती स्पष्ट झाली. उलट एक ‘स्पष्ट’ सही सोबत्याने वेगळी वाचली, ती शंकेत गेली. शेवटचा हिशोब स्पष्ट ३२, शंका ७, अवाच्य ८, बेरीज ४७. दोघांचं जमेना तिथे वाद घालत बसू नका, दोन्ही वाचनं शेऱ्यात लिहा.

यादीच्या माथ्यावर एवढा मजकूर द्या: ‘पानावर एकूण ४७ सह्या. अवाच्य म्हणजे सही आहे, नाव लागलं नाही. शंका म्हणजे वाचन खात्रीचं नाही. चौकटी कंसातला मजकूर यादी करणाऱ्याचा.’ नंतर कुणी येऊन ‘३१ क्रमांकाची सही माझी’ असं सांगितलं, तर ते नाव आणि सांगितल्याची तारीख शेऱ्यात लिहा. स्थितीच्या रकान्यात मात्र ‘अवाच्य’च राहू द्या, कारण ते नाव त्या माणसाने सांगितलेलं आहे, पानावर वाचलेलं नाही.